काका बरे होणार नाहीत, हे तिला माहीत आहे. मग तिला काय लिहू?

वाचकाचं पत्र

माझ्या जवळच्या मैत्रिणीच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि तो यकृतात पसरलाय. परवा तिचा मेसेज आला: ‘केमो थांबवली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने. आता फक्त त्रास कमी ठेवायचा. बाबांना घरी आणलंय.’ ती दुसऱ्या गावी राहते. काकांनी मला लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे मलाही रडू आवरत नाही. पाच-सहा वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी हे उरलं: ‘काळजी करू नकोस, काका नक्की बरे होतील. ते किती खंबीर आहेत तुला माहीत आहेच. तू धीर सोडू नकोस, त्यांच्यासमोर रडू नकोस. माझ्या ओळखीत एकांना दुसऱ्या एका औषधाने फरक पडला होता, नंबर पाठवू का? आता कसे आहेत? काही लागलं तर हक्काने सांग.’ हे पाठवायला हात धजत नाही, कारण खोटं वाटतं. खरं लिहिलं तर ती कोसळेल अशी भीती वाटते. तिची आशा न मोडता कसं लिहू? की थोडे दिवस थांबून सरळ भेटायलाच जाऊ?

उत्तर

मैत्रिणीचा मेसेज पुन्हा एकदा वाचा. उपचार थांबले, वेळ किती आहे, पुढे काय करायचं ठरलंय, बाबा कुठे आहेत, हे सगळं तिने चार छोट्या वाक्यांत सांगितलंय. त्यात ‘प्रार्थना कर’ नाही आणि ‘काहीतरी चमत्कार होईल’ही नाही. खरं काय ते तिनेच तुम्हाला कळवलंय. त्यामुळे तुमच्या लिहिण्याने ती कोसळेल ही भीती बाजूला ठेवा, कारण तुम्ही तिला कोणतीही नवी बातमी देणार नाही आहात. तुमच्या उत्तरावरून तिला एकच गोष्ट समजणार आहे: तुमच्याशी हे असंच उघडपणे बोलता येईल की नाही. ‘काका नक्की बरे होतील’ असं उत्तर गेलं, तर ती तुमच्याशी वाद घालणार नाही. ‘हो गं, बघू’ एवढं लिहील आणि पुढच्या वेळी खरं सांगायला दुसरं माणूस शोधेल. अशा आजारपणात घरातली माणसं आधीच एकमेकांपासून बरंच लपवत असतात. आईसमोर मुलगी सावरलेली असते, मुलीसमोर आई. म्हणून बाहेरचं एक तरी माणूस असं लागतं, ज्याच्यापाशी काही झाकावं लागत नाही.

तुमच्या मजकुरातलं प्रत्येक वाक्य प्रेमानेच आलंय, पण त्यातलं प्रत्येक वाक्य तिला कामाला लावतं. ‘खंबीर आहेत’ हे वरवर कौतुक वाटतं. पण काका उद्या उठून बसेनासे झाले, तर त्यांची जिद्द कमी पडली असा त्याचा अर्थ होतो, आणि या टप्प्यावर आजाराचा जिद्दीशी संबंध राहिलेला नसतो. ‘रडू नकोस’ म्हटल्यावर ती तुमच्यापाशीही रडणार नाही. ‘कसे आहेत?’ हा प्रश्न तिला दिवसातून दहा-पंधरा जण विचारत असतील आणि त्याचं उत्तर रोज थोडं थोडं वाईट होत जाणार आहे. ‘काही लागलं तर सांग’ यात काय लागेल ते शोधायचं, कोणाकडे मागायचं ते ठरवायचं आणि मागण्याचा संकोच गिळायचा, ही तिन्ही कामं तिच्याकडेच राहतात.

दुसऱ्या औषधाच्या नंबराबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण सगळ्यात जास्त त्रास त्यानेच होतो. केमोथेरपी थांबवायचा निर्णय सहज घेतलेला नसतो. शरीर इतकं क्षीण होतं, की औषधाचा फायदा नगण्य आणि त्याचा त्रास मात्र पूर्ण, अशी वेळ येते, तेव्हा डॉक्टर थांबायला सांगतात. त्यानंतर घरात त्यावर चर्चा होते, कधी भांडणं होतात आणि मग कसाबसा एक निर्णय होतो. तुमचा नंबर आला की तो निर्णय पुन्हा उघडा पडतो. फोन करायचा की नाही? नाही केला तर उद्या ‘एक उपाय राहून गेला’ ही टोचणी, आणि केला तर नवा खर्च, नवी पथ्यं, नवी आशा. असे नंबर तिला बरेच जण पाठवतील. तुम्ही त्यांच्यात नसणं हीच मोठी मदत आहे.

आता असं लिहून पाहा:

‘तुझा मेसेज वाचला. फार वाईट वाटलं. मला सरळ सांगितलंस, बरं केलंस. काकांनी मला सायकल शिकवली होती, परवापासून तेच आठवतंय. या सगळ्यात मी तुझ्यासोबत आहे. तुला वाटेल ते, वाटेल तेव्हा माझ्याशी बोल, मी तुला उपदेश करणार नाही. दर बुधवारी आणि रविवारी मी दोन ओळी लिहीन. त्यांना उत्तर द्यायचं नाही, नुसत्या वाचल्यास तरी पुरे. आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांना काय कळवायचं आणि काय नाही, ते एकदा सांग. पुढे कोणी विचारलं तर तुझ्या वतीने मी उत्तरं देईन.’

सायकलच्या जागी तुमची खरी आठवण घाला. ती छोटी आणि नेमकी असावी. ‘काका फार प्रेमळ आहेत’ हे कोणीही लिहील. सायकलची आठवण फक्त तुमच्याकडे आहे, आणि ती वाचताना काका मुलीच्या डोळ्यांसमोर क्षणभर तरी रुग्ण म्हणून येणार नाहीत. एक काळजी घ्या: आठवण वर्तमानकाळाला जोडून लिहा. ‘काका किती छान होते’ असं नकळत लिहून जातं, आणि ज्याचे वडील शेजारच्या खोलीत श्वास घेत आहेत, त्याला ते ‘होते’ फार लागतं.

या मजकुरात ‘मृत्यू’, ‘शेवट’, ‘जाणार’ असे शब्द नाहीत, आणि बरं होण्याचं आश्वासनही नाही. साधा नियम असा, की तिने जे शब्द वापरले तिथपर्यंत तुम्ही जायचं, त्याच्या पुढे पहिलं पाऊल तिला टाकू द्यायचं. तिने ‘दोन-तीन महिने’ म्हटलंय, तेव्हा वेळ थोडा आहे हे धरून तुम्ही बोलू शकता. ‘बाबा गेल्यावर आईचं कसं होईल’ असं ती स्वतःहून लिहील, त्या दिवसापासून ‘गेल्यावर’ हा शब्द तुम्हालाही मोकळा झाला. कधी तीच उलट दिशेला जाईल, ‘बाबा पुढच्या वर्षी हिमालय बघायचं म्हणत होते’ असं काही लिहील. तिथे ‘ते आता कसं जमणार’ म्हणू नका आणि ‘नक्की जातील’ असंही म्हणू नका. ‘कुठे कुठे जायचं म्हणत होते?’ एवढं विचारलंत तरी पुरे. सगळं ठाऊक असूनही माणसं अधूनमधून अशी बोलतात. त्यातून लगेच परत आणायची घाई कोणालाच नसते.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिचा फोन बऱ्याचदा काकांच्या उशाशी पडलेला असेल, आणि बंद स्क्रीनवरही मेसेजची पहिली ओळ दिसू शकते. काकांना किती सांगितलंय, काकूंना किती कळलंय, हे तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून पहिल्या ओळीत महिने, निदान, ‘केमो बंद’ यातलं काही नको. ‘तुझा मेसेज वाचला’ ही सुरुवात म्हणूनच चांगली. व्हॉइस मेसेज सध्या टाळा, रुग्णाजवळ बसून तो ऐकता येत नाही. तिने सांगितलेली बातमी ग्रुपवर टाकायची असेल, तर आधी तिला विचारा आणि काय लिहायचं तेही तिच्याच शब्दांत घ्या.

लांबी स्क्रीनवर एका दमात मावेल इतकीच ठेवा. लांब पत्र लिहिण्याची ऊर्मी येईल, पण ते वाचायला ती रात्री दोन वाजता बसेल, आणि तितकंच लांब उत्तर देणं लागतो असं तिला वाटेल. उत्तराला उशीर झाला याबद्दल फार तर एक वाक्य लिहा. माफीचा परिच्छेद लिहिलात, तर ‘अगं, असू दे’ म्हणून तीच तुमची समजूत काढत बसेल.

पहिला मेसेज चांगला जमला की हायसं वाटतं आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. खरी गरज त्यानंतर सुरू होते. बातमी ताजी असताना फोनची रीघ लागते, तीन-चार आठवड्यांनी ती ओसरते. नेमकं तेव्हाच घरी रात्रीची जागरणं वाढलेली असतात. म्हणून बुधवार-रविवार. तुम्हाला पेलेल असाच ठेका निवडा, हवं तर आठवड्यातून एकदाच लिहा, पण मोडू नका. फोनमध्ये गजर लावून ठेवा. या मेसेजांत विशेष काही असायची गरज नाही. तुमच्या खिडकीबाहेर पडणारा पाऊस, दोघींना माहीत असलेल्या एखाद्या शिक्षिकेची भेट, किंवा नुसतं ‘आज तुझी आठवण आली, बाकी काही नाही’ एवढंही चालतं. आठ मेसेजना उत्तर आलं नाही तरी नववा जाऊ द्या. तिची शांतता बहुतेक वेळा थकव्याची असते. ‘रागावलीस का?’ तेवढं विचारू नका.

मग एखाद्या दिवशी अचानक उत्तर येईल, आणि ते तुमची परीक्षा पाहणारं असेल. तीन प्रकारचे मेसेज हमखास येतात, त्यांची तयारी आधीच असू द्या.

पहिला असा: ‘बाबा काहीच खात नाहीत. किती विनवण्या केल्या.’ इथे पाककृती सुचवण्याचा मोह होतो. या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात भूक मरते, कारण शरीराला अन्न वापरताच येईनासं होतं. बळेबळे भरवल्याने आयुष्य वाढत नाही. उलट मळमळ होते, ठसका लागतो, कधी घास श्वासनलिकेत जातो. ओठ आणि तोंड ओलं ठेवणं, मागतील तेवढाच घोट देणं, यानेच आराम पडतो. हे तुम्ही तिला शिकवायला जाऊ नका. घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी ठेवणाऱ्या उपचारांच्या, नर्सला किंवा डॉक्टरांना ती विचारू शकते, एवढं सुचवा. तुमच्याकडून तिला हे वाक्य हवंय: ‘ते खात नाहीत यात तुझं काही कमी पडत नाहीये. भूक आजाराने नेली आहे.’ मॉर्फिनबद्दलही हेच. ‘त्याची सवय लागते म्हणे’, ‘त्याने लवकर जातात म्हणे’ असं ऐकीव काही लिहू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मानाने दिलेलं मॉर्फिन मृत्यू लवकर आणत नाही. पण असल्या बोलण्याने घाबरून घरचे डोस टाळतात आणि वेदना रुग्णाला भोगावी लागते.

दुसरा: ‘आज बाबा एकदम फ्रेश आहेत! उठून बसले, खूप गप्पा मारल्या.’ आजारात असे चढउतार असतातच, आणि कधी कधी अगदी शेवटच्या दिवसांतही थोडा वेळ अशी तरतरी येते. ‘बघ, मी म्हटलं होतं ना’ असं लिहिलंत तर परवा ती आणखी खोल पडेल. ‘असं शेवटी शेवटी होतं’ हे लिहिणं म्हणजे तिचा चांगला दिवस हिरावून घेणं. आजचा दिवस आजपुरताच घ्या: ‘किती छान. काय काय बोलले?’ जे बोलले ते ती तुम्हाला लिहून पाठवेल, आणि ते लिहिलेलं तिच्यापाशी राहील.

तिसरा रात्री उशिरा येतो: ‘हे आता लवकर संपावं असं वाटतं. मी किती वाईट आहे.’ हा मेसेज आला तर समजा की तिचा तुमच्यावर पुरता विश्वास आहे. ‘असं बोलू नये’ म्हणालात तर ती पुन्हा हे कोणालाच सांगणार नाही. ‘त्यांचा त्रास बघवत नाही म्हणून तसं वाटतं. त्यात वाईट काही नाही. मी जागी आहे, बोलायचं असेल तर बोल.’ इतकं लिहा आणि खरंच जाग्या राहा. मात्र काकांच्या वेदना आवरत नाहीत असं तिच्या लिहिण्यात वारंवार यायला लागलं, तर गप्प बसू नका. ‘डॉक्टरांना आत्ता फोन कर, त्रास आवरण्यासाठी औषध बदलता येतं’ हे स्पष्ट सांगा. सल्ला द्यावा अशी ही एकच जागा. आणि तिच्याच बोलण्यात स्वतःला संपवण्याची भाषा आली, तर मेसेज थांबवून लगेच फोन करा आणि तिच्या घरातल्या कोणालातरी तिच्याजवळ बसायला सांगा.

कधीतरी ती थेट विचारेल, ‘तुला काय वाटतं, वाचतील का गं?’ तिथे ‘मला माहीत नाही’ म्हणायला घाबरू नका. ‘मला माहीत नाही. वाचावेत असं मलाही फार वाटतं. डॉक्टर काय म्हणाले ते तूच मला सांगितलंयस, आणि काहीही झालं तरी मी आहे.’ यात इच्छा आहे, वचन नाही. तुम्ही विचारलं होतं आशा न मोडता कसं लिहू. आशा बरं होण्याचीच असते असं आपण धरून चालतो. तिच्या मेसेजमध्येच दुसरी आशा आहे: ‘आता फक्त त्रास कमी ठेवायचा’. काकांना आज रात्री झोप लागावी, धाकटा भाऊ वेळेत पोहोचावा, एकदा बाहेर उन्हात बसता यावं, या गोष्टींची आशा तुम्ही तिच्याबरोबर मनापासून करू शकता, कारण त्या होऊ शकतात.

आता मदत आणि भेट. दूर राहूनही उपयोगाची कामं आहेत, फक्त ती नेमकी आणि ‘हो-नाही’त उत्तर देता येईल अशी मांडा. ‘रुग्णासाठीचा पलंग आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी भाड्याने कुठे मिळते, याची चौकशी मी आज करते. करू?’ किंवा ‘बिलांचे फोटो पाठव, विम्याचा फॉर्म मी भरून ठेवते, तू फक्त सही कर.’ एका वेळी एकच मदत विचारा. ‘नको’ म्हणाली तर दुखावून घेऊ नका, दोन आठवड्यांनी दुसरं काही विचारा.

भेटायला जाण्यासाठी थांबू नका. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत हा अंदाज असतो, आणि तो बहुधा प्रत्यक्षापेक्षा लांबचा निघतो. शिकागोतल्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवांमध्ये, दाखल झालेल्या 468 रुग्णांबद्दल त्यांच्या 343 डॉक्टरांना अंदाज विचारून केलेला अभ्यास 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. साधारण 20 टक्के अंदाज बरोबर ठरले, 63 टक्के वेळा डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिवस सांगितले होते. आणि डॉक्टर रुग्णाला जितका जास्त काळ ओळखत होते, तितकी चूक वाढत होती. तेव्हा ‘दोन-तीन महिने’ ऐकून दुसऱ्या महिन्याचं तिकीट काढू नका. शिवाय काका जागे असतील, बोलू शकतील, असे दिवस त्या मुदतीच्या सुरुवातीलाच जास्त असतात. तिला विचारा: ‘येत्या शनिवारी येऊ का? राहायची सोय माझी मी करते. काकांना वीस मिनिटं भेटेन. तुला चालणार असेल तर दुपारी त्यांच्यापाशी बसेन, तू झोप. आदल्या दिवशीही नको म्हणालीस तरी चालेल.’ त्यांच्या घरी मुक्काम करू नका, नाहीतर तुमचं अंथरूण-पांघरूणही तिलाच बघावं लागेल. सर्दी-ताप असेल तर जाणं रद्द करा.

राहिलं तुमचं रडू. ते खरं आहे आणि त्याला जागा हवी, फक्त ती जागा मैत्रीण नव्हे. सुझान सिल्क या मानसशास्त्रज्ञ आणि बॅरी गोल्डमन यांनी 2013 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये एक सोपी आकृती सुचवली होती. मधोमध आजारी माणूस, त्याच्याभोवती सगळ्यात जवळच्यांचं वर्तुळ, मग त्यांच्या मित्रांचं, मग आणखी लांबच्यांचं. आतल्या दिशेने फक्त धीर द्यायचा, स्वतःचं दुःख बाहेरच्या दिशेने बोलायचं. काका मध्यभागी, मैत्रीण पहिल्या वर्तुळात आणि तुम्ही दुसऱ्या. ‘फार वाईट वाटलं’ हे तिला जरूर लिहा, तिला ते कळायला हवं. तुमची झोप उडालीय, सारखं भरून येतंय, हे मात्र तुमच्या घरी किंवा काकांना न ओळखणाऱ्या एखाद्या मैत्रिणीशी बोला. आज तिला लिहायच्या आधीच हा फोन करून टाका. मग मजकूर एकदा मोठ्याने वाचा, त्यात प्रश्नचिन्ह राहिलं असेल तर काढा, आणि रात्री उशीर न करता पाठवा.